अडीचची वायर खरंच अडीच आहे का?

"घराचं प्लास्टर झालं आहे, भिंतीत पाइप टाकून झाले आहेत. आमचे वायरमन पंचवीस वर्षांचे अनुभवी. ते म्हणतात, 'वहिनी, सॉलिड घ्या, बारीक तारांचा पुंजका लोड घेत नाही.' दीर म्हणतात, हल्ली सगळे मल्टीस्ट्रँडच टाकतात. शेवटी मी तालुक्याच्या दुकानातून मल्टीस्ट्रँडची अडीचची तीन बंडलं आणली. नावाजलेल्या कंपनीच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळाली. आयएसआयचा शिक्का आहे. एका बेडरूममध्ये वायर ओढूनही झाली. पण उरलेली बंडलं हातात घेतल्यावर हलकी वाटतात. मी सॉलिड घ्यायला हवी होती का? आणि वायर खोटी असेल तर घरच्या घरी कसं ओळखायचं?"
— एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

ताई,

तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मोठा आहे. घरात वाद मात्र पहिल्यावर झाला आणि त्या गडबडीत निम्म्या भावाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. तरी आधी तुमच्या वायरमन भाऊंचं म्हणणं नीट पाहू, कारण ते अगदीच चूक नाही.

वायरीतून किती प्रवाह सुखरूप जाईल हे मुख्यतः तिच्यात तांबं किती आहे, ते किती शुद्ध आहे आणि वायर कुठून नेली आहे यावर ठरतं. तेच तांबं एका जाड तारेत आहे की छत्तीस बारीक तारांत, याने घरच्या विजेला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. 'जवळजवळ' म्हणतो, कारण एक बारीक फरक आहे. भारतीय मानकात अडीचच्या सॉलिड तारेला एका किलोमीटरला जास्तीत जास्त ७.४१ ओहम रोध चालतो, तर मल्टीस्ट्रँडला ७.९८ ओहम. म्हणजे कायद्याने मल्टीस्ट्रँडला सात-आठ टक्के सूट आहे. भाऊंच्या अनुभवात एवढा कण खरा आहे. पण सात-आठ टक्क्यांनी वायर जळत नाही.

त्यांच्या मनातली 'सॉलिड' बहुधा वेगळीच असेल. त्यांच्या उमेदीच्या काळात तीन बाय बावीस, तीन बाय वीस, सात बाय वीस अशा वायरी चालायच्या. तीन किंवा सात जाडसर तारांचा पीळ. ती ना पुरती सॉलिड, ना आजची मल्टीस्ट्रँड. स्क्रूखाली ती घट्ट बसायची आणि एकही तार बाहेर राहायची नाही. मल्टीस्ट्रँड आल्यावर त्यांनी जळालेली टर्मिनलं पाहिली असणार आणि दोष वायरीला दिला असणार. खरा दोष जोडणीचा. छत्तीस तारांचा पुंजका स्विचच्या भोकात जात नाही म्हणून पाच-सहा तारा छाटून टाकतात. छाटल्या त्या सहाच तारा, पण जिथे आधीच गरम होतं नेमकं तिथलंच तांबं एक षष्ठांशाने कमी झालं. काहीजण टोकाला डाग देऊन, म्हणजे सोल्डर लावून ते कडक करतात. ते तर आणखी वाईट. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली महिन्यांनी पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो. याला साधा उपाय आहे: प्रत्येक टोकाला मापाचं पिन थिंबल, म्हणजे सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची छोटी टोपी, क्रिम्पिंगच्या पकडीने दाबलेली. थिंबलं आणि ती पक्कड घ्यायला भाऊंना सांगा. सगळ्या घराचा हा खर्च वायरीच्या एका बंडलाच्या आतच राहील.

तुमच्या घरी पाइप भिंतीत आहेत, म्हणून माझं मत मल्टीस्ट्रँडच्या बाजूने आहे. अडीचची सॉलिड तार जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर जाड असते. तीन-चार बेंडमधून ती ओढताना पाइपच्या कडेला इन्सुलेशन खरवडतं, आणि बोर्डात दोन-चारदा वाकवली की स्क्रूजवळ मोडते. मल्टीस्ट्रँड सहज सरकते. शिवाय उद्या वायर बदलायची झाली तर जुनीच्या शेपटीला नवी बांधून ओढून घेता येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती तुमच्या उपयोगी पडणार आहे. सॉलिड तार मला जिथे काहीच हलत नाही आणि अंतर थोडं आहे तिथेच आवडते. टांगता दिवा, एक्स्टेन्शन बोर्ड, पाण्याची मोटर, म्हणजे जिथे हालचाल किंवा थरथर आहे, तिथे ती नकोच.

आता तुमची बंडलं.

अडीच म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर तांबं. नेहमीच्या ९० मीटरच्या बंडलात ते सुमारे दोन किलो भरतं. तुमच्या गावच्या मोडवाल्याला विचारा, तांब्याची स्वच्छ तार तो किलोला काय भावाने घेतो. त्याची दुप्पट करा आणि तुमच्या बिलावरच्या बंडलाच्या किमतीशेजारी ठेवा. वायरीची किंमत त्यातल्या नुसत्या धातूच्या किमतीएवढी किंवा कमी निघाली, तर कारखान्याने पीव्हीसी, मजुरी, कर आणि दुकानदाराचा नफा कुठून काढला? तो तांब्यातूनच काढला असणार. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि खरेदीच्या आधी दुकानात उभ्या उभ्याही होतो.

बंडल हातात हलकं वाटलं यावर मात्र निकाल देऊ नका, आणि एखादं जड वाटलं म्हणून खूशही होऊ नका. पीव्हीसीचं वजन त्यात किलोभराच्या आसपास असतं आणि खडूची भुकटी जास्त घातली की ते आणखी वाढतं. अडीचच्या वायरीचं इन्सुलेशन ०.८ मिलिमीटर असावं. आतलं तांबं बारीक करून वरचं पीव्हीसी जाड केलं तर बाहेरून वायर तेवढीच गुबगुबीत दिसते. म्हणून तांबं वेगळं काढूनच तोलायचं.

एक मीटर वायर स्टीलच्या टेपने नीट मोजून कापा. इन्सुलेशन सोला, पण एकही तार तुटू देऊ नका. सगळं तांबं गुंडाळून ओळखीच्या सोनाराकडे न्या. त्याचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो आणि एवढ्या कामाला कोणी नाही म्हणत नाही. अडीचच्या मल्टीस्ट्रँड वायरीत बहुधा ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात. त्यांचं मीटरला वजन साडेबावीस ग्रॅम होतं. प्रामाणिक कंपनीची वायरसुद्धा वीस-एकवीस ग्रॅम भरू शकते, तेवढ्यावरून तिला खोटी ठरवू नका. मानक क्षेत्रफळावर नाही, रोधावर बेतलेलं आहे. तांबं उत्तम असेल तर थोडं कमी घालूनही रोध मर्यादेत बसतो. पण १९ ग्रॅमच्या खाली कितीही शुद्ध तांबं असलं तरी ती वायर अडीचची होऊ शकत नाही. हीच रेषा दीडच्या मल्टीस्ट्रँडला साडेअकरा ग्रॅम आणि चारच्या वायरीला ३१ ग्रॅम धरा.

तारा मोजून समाधान मानू नका. मोजल्या की छत्तीसच भरतील. फसवणूक जाडीत असते. तार ०.३ ऐवजी ०.२५ मिलिमीटरची केली तर डोळ्याला काहीच कळत नाही, पण क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने घटतं आणि छत्तीस तारांचं मिळून पावणेदोन चौरस मिलिमीटर उरतं. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश तांबं गायब.

वजन फारच कमी, म्हणजे आठ-दहा ग्रॅम भरलं, तर आत बहुधा तांब्याचा पातळ मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. ब्लेडने एक तार तिरकी खरवडा, आत पांढरी चकाकी दिसेल. पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत टोक नेलं तर अॅल्युमिनियम वितळून गळतं, तांबं लाल होतं पण टिकतं. अशी वायर मिळाली तर पुढे काहीही मोजत बसू नका, घरातून बाहेर काढा.

माझ्या बहिणीच्या कोल्हापूरच्या घरी असंच झालं होतं, म्हणून हे सगळं मला इतकं पाठ आहे. तिनेही अडीचची म्हणून स्वस्त बंडलं आणली. सोनाराकडे एका मीटरचं तांबं १५ ग्रॅम भरलं. दुकानदार म्हणाला, काटा चुकला असेल. म्हणून मी अख्ख्या बंडलाचा रोध मोजायचं ठरवलं. ती रीत सांगतो, पण ती तुम्ही स्वतः करण्यापेक्षा मल्टिमीटर वापरता येणाऱ्या कुणाकडून करून घ्या.

९० मीटरच्या अडीच मल्टीस्ट्रँड बंडलाचा रोध २० अंश तापमानाला जास्तीत जास्त ०.७२ ओहम हवा. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर हे मोजू नये, कारण त्याच्या स्वतःच्या दोऱ्यांचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. त्याऐवजी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी घ्यायची. तिच्या एका टोकाला फ्यूज, मग गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा दिवा, मग बंडल, आणि परत बॅटरी, असं सगळं एकामागोमाग जोडायचं. दिवा लागतो आणि सुमारे चार अँपिअरचा स्थिर प्रवाह मिळतो. प्रवाह मीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून मोजायचा आणि लिहून ठेवायचा. मग मीटरची दोरी आठवणीने व्होल्टच्या भोकात परत लावायची, जोडणी पुन्हा पूर्ण करायची, आणि बंडलाच्या दोन्ही टोकांच्या तांब्यावर थेट टेकवून व्होल्ट मोजायचे. दोरी अँपिअरमध्येच राहिली तर मीटरचा फ्यूज उडेल. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो.

त्या दिवशी ३.८ अँपिअर आणि ३.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे ०.८९ ओहम. हवा ३० अंश होती. तांब्याचा रोध दहा अंशांना चार टक्के वाढतो, म्हणून तेवढा वजा करून ०.८६ राहिला. मर्यादेपेक्षा वीस टक्के जास्त. पण सोनाराचा काटा तर याहून मोठी तूट सांगत होता. दोन मोजमापं एकमेकांशी जुळेनात, आणि मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं.

चुकलं होतं ते लांबीत. मी ९० मीटर गृहीत धरले होते, कारण वेष्टनावर तसं छापलं होतं. बहिणीच्या हॉलमध्ये फरशीवर सहा मीटरवर खडूच्या दोन रेघा ओढल्या आणि बंडल उलगडत हेलपाटे मोजले. चौदा हेलपाटे झाले आणि वायर संपली. ८४ मीटर! आखूड बंडलाचा रोध आपोआप कमी दिसतो, म्हणजे एक खोटेपणा दुसऱ्याला झाकत होता. ८४ मीटरवर हिशेब केला तर किलोमीटरला १०.२ ओहम आला. मर्यादा ७.९८. म्हणजे अठ्ठावीस टक्के जास्त, आणि आता ते सोनाराच्या वजनाशी जुळत होतं. तेव्हापासून लांबी मोजल्याशिवाय मी रोधाच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तुमच्याकडे वेळ थोडा असेल तर रोध सोडा, पण एका मीटरचं वजन आणि बंडलाची लांबी ही दोन मोजमापं कराच. आधी वजन, कारण त्याला मीटरभरच वायर लागते. बंडल पूर्ण उलगडल्यावर दुकानदार ते परत घ्यायला कुरकुर करतो.

अठ्ठावीस टक्के जास्त रोध म्हणजे त्याच प्रवाहाला अठ्ठावीस टक्के जास्त उष्णता, आणि तीही भिंतीतल्या बंद पाइपमध्ये. तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला तेरा अँपिअर घेतो. त्याच ओळीवर कुणी इस्त्री लावली की वीसच्या आसपास. तुम्ही म्हणाल, एमसीबी आहे ना. एमसीबी वायरीकडे पाहत नाही, फक्त प्रवाहाकडे पाहतो. वीस अँपिअरचा एमसीबी साडेबावीस अँपिअरला तासभर तरी पडत नाही, तो तसाच बनवलेला असतो. वायरमन तो अडीचच्या वायरीच्या भरवशावर बसवतो. आत पावणेदोनची निघाली तर त्या बिचाऱ्याला ते कळायचा मार्गच नाही.

शिक्क्याबद्दल. आयएसआयची खूण कुणीही छापू शकतो, तिच्या आजूबाजूचं लिखाण वाचायचं. वर आयएस ६९४ हवं, खाली सीएम/एल आणि त्यापुढे परवान्याचा क्रमांक हवा. फोनवर BIS Care हे अॅप घ्या आणि परवाना तपासायच्या जागी तो क्रमांक टाका. कारखान्याचं नाव-पत्ता, कोणत्या मानकाचा परवाना आहे आणि तो चालू आहे का, हे दिसतं. नाव वेष्टनावरच्या नावाशी जुळतं का पाहा. क्रमांक खरा पण भलत्याच कारखान्याचा, असंही असू शकतं. हीच माहिती वायरीच्या अंगावरही ठराविक अंतराने छापलेली असावी, आणि मापापुढे चौरस मिलिमीटर स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं '२.५' लिहून सोडलं असेल, किंवा छपाई ओल्या बोटाने पुसली जात असेल, तर मी ते बंडल जागेवरच परत ठेवतो.

तुमची वायर १९ ग्रॅमच्या खाली भरली तर उरलेली बंडलं, मीटरभर तांबं आणि सोनाराच्या काट्याचा फोटो घेऊन दुकानात जा. बिलावर कंपनीचं नाव आणि माप लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. बिल कच्चं असेल तर आत्ताच पक्कं मागून घ्या, भांडण सुरू व्हायच्या आधी. दुकानदार बधला नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि शिक्क्याच्या गैरवापराची तक्रार त्याच अॅपमधून करता येते. दुकानदार स्वतःही फसलेला असू शकतो, म्हणून आधी आवाज न चढवता काट्याचा आकडा समोर ठेवा. माझ्या बहिणीला असंच सगळं परत मिळालं.

एक मोह तुम्हाला होईल. वायरमन म्हणतील, अडीचची नाही तर दीडची समजून दिव्या-पंख्यांना वापरून टाकू. तांब्याच्या हिशेबाने ते बसेलही. तरी मी भिंतीत घालणार नाही. ज्याने तांब्यात आणि लांबीत कापलं त्याने पीव्हीसीत काय केलं असेल हे घरी मोजता येत नाही, आणि इन्सुलेशन आठ-दहा वर्षांत कडक होऊन तडकलं तर ते भिंतीच्या आत तडकेल.

राहिली बेडरूममध्ये ओढून झालेली वायर. ती त्याच बंडलातली आहे, म्हणून निकालही तोच. पाइप मोकळे आहेत, बोर्ड अजून बसले नसतील, तर जुन्या वायरीच्या टोकाला चांगली वायर बांधा. सांधा निमुळता करून वर टेप गुंडाळा, थोडी फ्रेंच चॉक लावा आणि दुसरीकडून ओढा. दोन माणसं असली तर एका खोलीला अर्धा दिवस पुरतो. गिझर किंवा एसीची ओळ असेल तर या निमित्ताने ती चारचीच ओढून घ्या. आणि कामाच्या घाईत ती खोली आज बदलता येणार नसेल, तर तोवर त्या ओळीला दहा अँपिअरचा एमसीबी लावून ठेवा, तिच्यावर गिझर, एसी किंवा इस्त्री लावू नका, आणि बोर्डाच्या आत पेनने तारखेसह लिहून ठेवा की ही वायर बदलायची आहे.